आयसिंगचा फिका गुलाबी आणि बाटली हिरवा: माझं चुकतंय कुठे?

गोदाकाठ
येत्या रविवारी वहिनीचं डोहाळजेवण आहे. केक मी करणार असं सगळ्यांसमोर बोलून बसलेय. वहिनीची साडी बाटली हिरवी, काठ गुलाबी. म्हणून केकला बाहेरून एकदम फिका गुलाबी (पावडर लावलेल्या बाळाच्या गालासारखा म्हणा) आणि वर गडद हिरवी पानं, असं ठरवलं.

काल रात्री तालीम केली. २५० ग्रॅम बटर, ५०० ग्रॅम आयसिंग शुगर, दोन चमचे दूध. बटर नेहमीचंच, पोळीला लावतो ते खारं. वाण्याकडच्या छोट्या बाटल्यांतले पातळ रंग होते, रास्पबेरी रेड आणि ॲपल ग्रीन. लाल रंगाचे तीन थेंब टाकले तर गुलाबी व्हायच्या ऐवजी उकडलेल्या कोळंबीचा रंग आला. हिरव्याचं तर विचारूच नका. पोपटी झाला, म्हणून अजून टाकला, तरी पोपटीच. अर्धी बाटली संपली तेव्हा आयसिंग फाटल्यासारखं झालं, कडेला हिरवं पाणी सुटलं आणि चव कडू. चिरंजीवांनी भांडं चाटलं. आज शाळेत हिरवे दात घेऊन गेलाय.

आज मंगळवार. हातात चार दिवस आहेत. कुठे चुकतंय?

टवाळ_पोर
पानं पोपटी आणि केक कोळंबी. डोहाळजेवणाला कोकणी थाळी म्हणून खपवा.

केदार७७
पातळ रंग फेकून द्या आणि जेल आणा. बाकी काही नाही. बायको जेल वापरते, एका थेंबात काम होतं.

ओट्यावरून
केदार, जेल आणायला हवाच, पण नुसत्या जेलने कोळंबी जाणार नाही. गोदाकाठ ताई, मी ठाण्यात घरून केक करते, बारा वर्षं झाली. तुमच्या दोन रंगांची दोन वेगळी दुखणी आहेत, म्हणून एकेक घेते.

गुलाबी: दोष रंगाचा कमी, बटरचा जास्त. ते खारं बटर पिवळं असतं, बऱ्याचदा वरून रंग घालून पिवळं केलेलं असतं. पिवळ्यात लाल पडला की नारिंगीकडेच जाणार. गडद लाल करायचा असता तर हे पिवळेपण लपलं असतं. फिक्या रंगात लपायला जागाच नसते. तेव्हा आधी पाया पांढरा करा. अनसॉल्टेड बटर आणा. ते बाहेर ठेवून मऊ करा, वितळवू नका. साखर घालायच्या आधी नुसतंच आठ-दहा मिनिटं बीटरने फेटा. हवा भरली की ते डोळ्यांदेखत फिकं होत जातं. मग साखर. तरीही पिवळट वाटलं तर टूथपिकचं टोक जांभळ्या जेलला जेमतेम टेकवून ते आयसिंगमध्ये फिरवा. जांभळा पिवळ्याला मारतो. आपण पांढऱ्या कपड्यांना नीळ देतो तसंच. पण नीळ जास्त झाली की कपडे कसे दिसतात ते आठवा आणि हात आवरा.

मग रंग. थेट मोठ्या भांड्यात टाकूच नका. एक मोठा चमचा आयसिंग वाटीत घ्या आणि त्यात जेल घालून झणझणीत राणी रंग करा. हे तुमचं विरजण. उरलेल्या पांढऱ्या आयसिंगमध्ये हे विरजण अर्धा-अर्धा छोटा चमचा लावत जा. थेंब एकदा पडला की परत काढता येत नाही, पण विरजण किती लावायचं ते आपल्या हातात असतं. आणि तुम्हाला हवा त्यापेक्षा एक पायरी फिका असतानाच थांबा, कारण रंग मुरतो.

हिरव्याचं संध्याकाळी लिहिते. आत्ता एक ऑर्डर ओव्हनमध्ये आहे.

मनीषा_सोलापूर
छान धागा. माझं व्हिपिंग क्रीम फेटताना पाणी पाणी होतं. काय करू? भांडं फ्रीजमध्ये ठेवते तरी होतं.

टवाळ_पोर
मनीषाताई, इथे रंगावर चर्चा सुरू आहे. सोलापूरच्या उन्हावर वेगळा धागा काढावा लागेल.

आजीचा_बटवा
एवढं बटर विकत आणून पांढरं करत बसण्यापेक्षा घरचं म्हशीचं लोणी घ्या ना. गाईचं लोणी पिवळं, म्हशीचं पांढरंशुभ्र. गाईच्या दुधात गाजरातलं ते पिवळं द्रव्य उतरतं, म्हैस मात्र त्याचं आधीच जीवनसत्त्व करून टाकते. म्हणून एकच चारा खाऊन दोघींचं लोणी वेगळं.

आणि गुलाबीसाठी बीट किसून पिळलं की झालं. कशाला ती केमिकलं?

ओट्यावरून
आजी, रंगाचं अगदी बरोबर, लोणी पांढरंच निघतं. पण घरच्या लोण्यात ताक आणि पाणी उरतं. एवढी साखर पडली की ते सुटतं आणि आयसिंग फाटतं, शिवाय आंबूस वास येतो. बर्फाच्या पाण्यात चार-पाचदा धुऊन, दाबून पाणी काढलंत तर जमतं. मी एकदा केलंय. दुसऱ्यांदा केलं नाही, यातच सगळं आलं.

रंगारी
मी इचलकरंजीत कापडाच्या रंगात आयुष्य घालवलं. केकमधलं कळत नाही, पण रंग कळतो. ताई, तुमच्या लालचं कूळ तपासा. एक लाल निळ्याकडे झुकलेला असतो, दुसरा पिवळ्याकडे. कपड्यात दोन्ही 'लालच' दिसतात, फिके केले की जात कळते. पहिला गुलाबी होतो, दुसरा पीच. पांढरा टिश्यू पेपर ओला करा, वर एक थेंब टाका आणि पाच मिनिटं थांबा. थेंब पसरताना कड कशी दिसते ते पाहा. हिरव्या बाटलीचाही टाका, मजा दिसेल.

बाकी गडद हिरव्यासाठी सरळ काळा घाला. हिरवा अधिक काळा म्हणजे बाटली हिरवा. यात विचार करण्यासारखं काय आहे?

गोदाकाठ
रंगारी काका, आत्ताच करून पाहिलं! हिरवा थेंब पसरला आणि एका बाजूला पिवळी कड, दुसरीकडे निळी. म्हणजे बाटलीत हिरवा रंग नव्हताच की! लालची कड मात्र गुलाबीच निघाली, नारिंगी नाही.

ओट्यावरून
म्हणजे तुमचा लाल सज्जन होता आणि गुन्हेगार बटरच. बाटलीवर बारीक अक्षरात रंगांचे क्रमांक असतात तेही वाचा. १२२ असेल तर तो निळसर लाल, गुलाबीला चांगला. सोबत ११० असेल तर त्यात नारिंगी आहे, तो गुलाबीला घेऊ नका. ॲपल ग्रीनवर बहुधा १०२ आणि १३३ दिसतील. १०२ पिवळा, १३३ निळा. त्यात पिवळ्याचं माप जास्त. म्हणून अर्धी बाटली ओतली तरी तो पोपटीच राहतो, नुसता जास्त भडक पोपटी होतो. तुम्हाला रंग जास्त नको होता, वेगळा हवा होता.

काळ्याबद्दल काकांशी अर्धी सहमत. कापडात होत असेल, पण खायचा काळा हाही तीन-चार रंगांची खिचडी असतो. कुठल्या कंपनीचा जांभळ्याकडे झुकतो, कुठल्या कंपनीचा हिरव्याकडे. पांढऱ्या आयसिंगमध्ये जास्त पडला की हिरवा गडद होत नाही, मळतो. शेवाळी दिसतो. मी असं करते:

सुरुवात लीफ ग्रीन जेलने. दीडशे ग्रॅम आयसिंगला पाव छोटा चमचा पुरे. मग निळ्या जेलचा एक ठिपका, म्हणजे पोपटीपणा जातो. मग लालचं टूथपिकचं टोक. लाल हा हिरव्याचा वैरी, दोघं भिडले की भडकपणा खाली बसतो आणि रंग खोल दिसतो. आता तो तुम्हाला मध्यम हिरवा दिसेल. इथेच सगळे घाबरतात आणि अजून जेल ओततात. ओतू नका. झाकून रात्रभर ठेवा.

आयसिंगमध्ये लोणी भरपूर आणि पाणी अगदी थोडं. हा रंग पाण्यात विरघळणारा, त्यामुळे त्याला त्या थोड्याशा पाण्यात पसरायला वेळ लागतो. सकाळी तोच रंग दोन पायऱ्या गडद झालेला असतो. तुमच्या बाटलीतल्या रंगात तर पाणीच पाणी, ते लोण्याला पेललं नाही, म्हणून कडेला सुटलं.

रात्रभर थांबायला वेळ नसेल तर आयसिंगचा तिसरा हिस्सा मायक्रोवेव्हमध्ये पंधरा सेकंद गरम करा, कडा वितळल्या की पुरे. त्यात रंग मिसळा, उरलेल्यात ओता, फ्रीजमध्ये घट्ट करून पुन्हा फेटा. वितळलेल्यात रंग लगेच खुलतो.

केदार७७
बायको म्हणते कोको पावडर घाला. ती हिरव्यासाठी पाया चॉकलेटी करून घेते. मी आधी सांगितलं नाही कारण मला आत्ताच कळलं.

ओट्यावरून
वहिनींना नमस्कार सांगा. ही माझ्यापेक्षा चांगली युक्ती असू शकते. दीडशे ग्रॅमला एक छोटा चमचा कोको चाळून घातला की पाया तपकिरी होतो आणि कमी जेलमध्ये जंगली हिरवा येतो. चवही कडू होत नाही. पण हा हिरवा थोडा मातकट असतो, झाडाच्या पानासारखा. पैठणीतल्या बाटली हिरव्याची झळाळी त्यात नाही. पानं काढायची असतील तर मी कोको घेईन. साडीशी जुळवायचं असेल तर निळा आणि लाल.

रंगारी
मी काळा मागे घेत नाही. माप चुकतंय तुमचं.

मृणाल_म्युनिक
एक विचारते. इथे जर्मनीत टार्ट्राझिन, म्हणजे वरचा १०२, किंवा कार्मोइझिन, म्हणजे १२२, असलेल्या पदार्थावर, मुलांच्या वागण्यावर आणि एकाग्रतेवर परिणाम होऊ शकतो, अशी सूचना छापावी लागते, युरोपभर २०१० पासून. म्हणून माझ्या घरी हे रंग येत नाहीत. भारतात काय नियम आहेत? डोहाळजेवणाचा केक, म्हणजे गरोदर बाई खाणार.

ओट्यावरून
भारतात ठरावीक आठ कृत्रिम रंगांनाच परवानगी आहे. बहुतेक पदार्थांत मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीतही येणार नाही एवढा. ती कोरड्या रंगाची मर्यादा आहे, जेलच्या ट्यूबची नव्हे, आणि ट्यूबमध्ये नेमका रंग किती हे आपल्याला कळत नाही. म्हणून घरात मोजमाप कठीण. माझा साधा उपाय असा: अख्खा केक कधीच गडद रंगात मढवत नाही. केकभर फिका, गडद फक्त पानांना. ताईंचा बेत मुळातच तसा आहे. गडद हिरव्या आयसिंगचा मोठा गोळा ज्याच्या वाट्याला येईल त्याचे दात हिरवे होणारच, तेव्हा पानं छोटी काढा. आणि रंग सुटा, कागदाच्या पुडीतला घेऊ नका. तिथे कपड्याचाही रंग असू शकतो.

आजीचा_बटवा
म्हणून मी बीट म्हणत होते.

ओट्यावरून
आजी, फिक्या गुलाबीला बीट खरंच चालतं, त्याचा रंग निळसर गुलाबीच असतो. दोन गोष्टी फक्त. रस आटवायला उकळू नका, तपकिरी होतो. कच्चा रस एक छोटा चमचा पुरे, त्याहून जास्त घातला तर आयसिंग सैल होतं आणि मातीचा वास येतो. बिटाची पावडर मिळाली तर उत्तम. उजेडात मात्र दुसऱ्या दिवशी उडतो. पालकाने गडद हिरवा करायला मात्र जाऊ नका. मी गेले होते. पाहुण्यांनी विचारलं, चटणी कशाला लावली?

सावंतवाडीकर
सोलकढीचा रंग कोणी पाहिला नाही का? नारळाचं दूध आणि आमसुलं. याहून फिका गुलाबी जगात नाही. आगळ घाला आयसिंगमध्ये.

टवाळ_पोर
आगळात मीठ असतं हो. हिरवी पानं कोथिंबीर म्हणून आणि केक ताटात नाही, वाटीत वाढा.

सावंतवाडीकर
बिनमिठाचं कोकम सरबत असतं. पण तुम्हाला कुठे खायचं ते कळणार.

प्राजक्ता_देव
अवांतर विचारते, गुलाबीच का? आमच्याकडे एका डोहाळजेवणाला गुलाबी केक आणला तर सासूबाईंचं तोंड उतरलं. "मुलगी आहे असं कळलंय का तुम्हाला?" म्हणून. कळायचं कसं, कायद्याने विचारताही येत नाही!

गोदाकाठ
काठाचा रंग हो, बाकी काही नाही. आमच्याकडे आजीच म्हणतेय मुलगी हवी.

बरं, काल रात्रीची दुसरी तालीम. अनसॉल्टेड बटर १५० ग्रॅम, नऊ मिनिटं घड्याळ लावून फेटलं. खरंच फिकं झालं, दह्यावरच्या सायीसारखं. साखर ३०० ग्रॅम, दूध एक चमचा. जांभळ्याचं टोक टेकवलं, मग भीती वाटली म्हणून त्यातलं निम्मं पुसून टाकलं. हिरव्यासाठी दीडशे ग्रॅम बाजूला काढलं, उरलेलं गुलाबीला. एक मोठा चमचा विरजण, दोन टूथपिक जेल. त्यातलं दीड छोटा चमचा लावलं आणि थांबले. अगदी तसाच! फोटो काढला तर भिंतीसारखा पांढरा दिसतो, पण पांढऱ्या बशीवर ठेवला की गुलाबी कळतो.

हिरव्याचे दोन भाग केले. एकात निळा आणि लाल, दुसऱ्यात कोको. रात्री दोन्ही मध्यमच होते. मन मारून झाकून ठेवले. सकाळी कोकोवाला आंब्याच्या जुन्या पानासारखा झाला होता. निळ्या-लालवाला जवळजवळ साडीसारखा, पण थोडा निळ्याकडे झुकलाय. टाचणीएवढा पिवळा घालू का?

ओट्यावरून
घाला, टाचणीएवढाच. आणि दर वेळी नवीन टूथपिक घ्या. लोणी लागलेलं टूथपिक जेलच्या डबीत गेलं की महिन्याभरात आत बुरशी दिसते.

एक सांगायचं राहिलं. केक सजवून झाला की खिडकीपासून आणि ट्यूबलाइटखालून दूर ठेवा. उजेडात गुलाबी आधी उडतो, आणि फिक्यात उडायला मुळात असतंच किती! खोक्यात झाकून ठेवा. फ्रीजमधून काढल्यावर वर दव येतं, त्याला बोट लावू नका. गडद हिरवा ओघळून गुलाबीवर उतरतो. आपोआप वाळू द्या.

मनीषा_सोलापूर
व्हिपिंग क्रीममध्ये पण हीच पद्धत चालेल का? म्हणजे विरजण?

ओट्यावरून
गुलाबीला छान चालते. ते क्रीम मुळातच पांढरं असतं, जांभळ्याचीही गरज नाही. मऊ असतानाच विरजण मिसळा, पूर्ण फेटल्यावर ढवळत बसलात तर रवाळ होतं. गडद हिरवा मात्र क्रीममध्ये करू नका. तेवढा रंग घातला की ते बसतं. आणि ताई, फेटण्याआधी क्रीमही गार हवं, नुसतं भांडं नव्हे. अर्धवट बर्फाळ असताना सुरू करा.

मनीषा_सोलापूर
अय्या, मी क्रीम बाहेर काढून ठेवत होते.

गोदाकाठ
रविवार पार पडला! उशिरा लिहितेय, माफ करा.

गुलाबी टिकला. फक्त मावसभावाने केक खोक्यातून काढून फोटोसाठी खिडकीत नेऊन ठेवला, तासभर तिथेच राहिला. उन्हाकडची बाजू किंचित उडालेली दिसली. मला दिसली, बाकी कोणाला नाही. पानं निळ्या-लालवाल्यानेच काढली, कोकोच्या हिरव्याने देठ. वहिनीने पदर केकशेजारी धरला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजीने मात्र चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाली, "हा बाटली हिरवा नाही. मेंदी आहे."

आता मला कळत नाहीये, फरक नऊ मिनिटं फेटण्याने पडला की जांभळ्याने. पुढच्या वेळी जांभळा न घालता करून बघणार.

रंगारी
आजींना कळतं. काळा घातला असता तर बाटली हिरवा झाला असता.

टवाळ_पोर
चिरंजीवांच्या दातांचा सध्याचा रंग कोणता?

गोदाकाठ
मेंदी.